केक मधोमध बसतोय, दार उघडल्यामुळं की सोड्यामुळं?

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. रविवारी पोरीचा वाढदिवस होता, सात पूर्ण झाली. दुकानातला नको, मम्मीनंच करायचा असा हट्ट, म्हटलं चला करतो, याआधी दोनदा केलाय की. घरात अंडं चालत नाही, सासूबाई आहेत, त्यामुळं कंडेन्स्ड मिल्कचा व्हॅनिला केक. ८ इंची गोल टिन, २८ लिटरचा ओटीजी, १८० वर. मैदा २५० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा अख्खा डबा, बटर ११० ग्रॅम, दूध अंदाजानं पाऊण कप, व्हिनेगर एक मोठा चमचा, बेकिंग पावडर २ चमचे, खायचा सोडा १ चमचा.

पंधरा मिनिटांत असा फुगला की टिनच्या काठाच्या वर आला, पोरगी काचेला नाक लावून बसलेली. विसाव्या मिनिटाला वरनं मस्त तांबूस दिसायला लागला, म्हटलं झालाच की हा, दार उघडलं, काडी घातली, काडी ओली. परत लावला दार. आणि बघता बघता मधला भाग खाली गेला ओ, फुग्यातली हवा काढल्यासारखा. अजून २५ मिनिटं ठेवून बाहेर काढला तर मधे आमटीची वाटी बसेल एवढा खड्डा. क्रीम भरून झाकला, पण कापल्यावर नणंद म्हणाली वहिनी मधे साय घातलीय काय.

दार उघडलं म्हणूनच बसला ना? की दुसरं काय चुकलं? पुढच्या महिन्यात नवऱ्याचा वाढदिवस आहे, म्हणून विचारतो.

सुमेधा_पुणे
दादा, कौतुक आहे तुमचं, पोरीसाठी केक केलात! टुटीफ्रुटी खाली बसू नये म्हणून आधी ती एक चमचा कोरड्या मैद्यात घोळवून घ्या, मग घाला, अजिबात तळाला जात नाही. मनुका पण तशाच.

रंकाळ्याचा_वारा
अहो दादा नाही, ताई आहे मी 😄 आम्ही कोल्हापूरच्या बायका मी करतो, मी जातो असंच बोलतो. आणि टुटीफ्रुटी नव्हतीच, अख्खा केकच खाली बसला.

सुमेधा_पुणे
अर्रर्र, सॉरी ताई! घाईत वाचलं. मग माझं उत्तर पुढच्या धाग्याला ठेवा.

नादखुळा_भावा
दार बिर काय नसतंय. तुमचं ओव्हरमिक्सिंग झालंय. आमच्या चुलत्याची इचलकरंजीला बेकरी हाय, तिथं लहानपणापास्नं बघतोय, मैदा घातल्यावर जास्त फेटलं की केक बसला म्हणून समजायचं. एकाच दिशेनं हळू हळू हलवायचं, बास. तुम्ही इलेक्ट्रिक बीटर लावला असणार, पैज लावतो.

रंकाळ्याचा_वारा
बीटर लावला होता, पण बटर आणि कंडेन्स्ड मिल्कला. मैदा घातल्यावर पण थोडा फिरवला, गुठळ्या होत्या म्हणून. दोन मिनिटं असेल.

नादखुळा_भावा
बघा. म्हटलं नव्हतं. विषय संपला.

ओव्हनमावशी
विषय आत्ता कुठं सुरू झालाय भाऊ.

मी नागाळा पार्कात घरूनच ऑर्डरी घेते, चौदा वर्षं झाली, आणि माझे स्वतःचे एवढे केक बसलेत की त्यात एक विहीर भरली असती. ताई, मला आधी तीन गोष्टी सांगा, मग बोलू. एक, कापल्यावर खड्ड्याच्या खाली आत कसा दिसत होता, ओला चिकट पट्टा होता की कोरडी मोठी मोठी भोकं? दोन, चवीला आणि वासाला कसा होता, जिभेला काही लागत होतं का? तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा तो "चमचा" कुठला? मोजायचा टीस्पून की डब्यातला पोह्यांचा चमचा?

रंकाळ्याचा_वारा
मावशी, खड्ड्याच्या बरोबर खाली बोटभर जाडीचा ओला पट्टा होता, खरवसासारखा. पण कडेच्या भागात मोठी भोकं, आंबोळीला पडतात तशी. रंग आतनं पण जरा पिवळसर तपकिरी, व्हॅनिला केक असून. आणि हो, घशाशी साबणासारखं काहीतरी लागत होतं, मला वाटलं एसेन्स जास्त झाला. चमचा घरचाच, चहासाखरेच्या डब्यातला. शीग लावून घेतला असणार, मी काय पुसून घेत नाही.

ओव्हनमावशी
मिळाला चोर. म्हणजे दोन चोर आहेत, पण एकानं दुसऱ्याला आत घेतलंय.

केक फुगतो तो गॅसच्या बुडबुड्यांनी, आणि तो वर टिकतो तो त्या बुडबुड्यांच्या भिंती शिजून कडक झाल्यामुळं. मैद्यातलं स्टार्च शिजतं, अंड्याच्या केकात अंडं पण आवळतं. हे शिजणं कडेकडून आत येतं, टिन गरम असतो ना, त्यामुळं मधला भाग सगळ्यात शेवटी सेट होतो. आता सोडा-पावडर जास्त झाली की गॅस भराभर आणि भरपूर सुटतो. बुडबुडे मोठे होतात, एकमेकात मिसळतात, भिंती पातळ होत जातात, आणि मधला भाग शिजायच्या आधीच ताणून ताणून फुटतात. कडेला ते शिजून गेलेले असतात म्हणून तिथं तुम्हाला आंबोळीची भोकं दिसली. मधे भिंत कच्ची होती म्हणून सगळं एकावर एक बसलं आणि खरवस झाला. पंधरा मिनिटात काठाच्या वर आला म्हणालात ना, तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजली. ८ इंची टिनात एवढं पीठ चांगलं वागलं तर पंधराव्या मिनिटाला जेमतेम काठाला येतंय.

आता गंमत बघा. सोडा जास्त असला की केक अल्कलाइन होतो आणि अल्कलाइन गोष्ट लवकर तांबूस होते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर आणि दूध दोन्ही, म्हणजे तांबूस व्हायला आधीच तयार. त्यामुळं तुमचा केक विसाव्या मिनिटाला वरनं झाल्यासारखा दिसला. तो दिसला म्हणून तुम्ही दार उघडलं. सोड्यानं तुम्हाला फसवलं आणि तुमच्याकडून दार उघडून घेतलं!

प्रयोगवही
मावशींनी बरोबर पकडलंय, साबणाच्या चवीचं मी सांगतो. सोड्याला आम्ल लागतं. एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली साधं व्हिनेगर साधारण पाव टीस्पून सोडा संपवतं, त्याहून जास्त नाही. बाकीचा सोडा तसाच उरतो, तापला की अर्धवट गॅस सोडतो आणि मागं धुण्याच्या सोड्याचा भाऊ ठेवून जातो, तीच ती साबणाची चव. दही वापरलं तर १ कप दह्याला अर्धा टीस्पून सोडा पुरतो. शाळेत मुलांना फुगा फुगवून दाखवतो तेव्हा सोडा वाढवत गेलं तरी व्हिनेगर संपलं की फुगा थांबतो, तसंच आहे हे.

रंकाळ्याचा_वारा
बाप रे. म्हणजे मी घातला तरी किती? थांबा, मोजूनच बघतो. आमचे हे गुजरीत कामाला आहेत, सोन्याचं काम, घरी एक छोटा काटा असतो.

गडहिंग्लजचे_काका
आमच्या घरी ओव्हन नाही. कुकरमध्ये खाली मीठ घालून, शिट्टी आणि रिंग काढून, मंद गॅसवर पाऊण तास. कधी बसत नाही. फक्त सौ. मधे मधे झाकण उघडून बघते तेव्हा बसतो. हे एकच कारण आहे की अजून काही?

ओव्हनमावशी
काका, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय 😄 कुकरचं झाकण काढलं की वरची सगळी गरम हवा एकदम जाते, ओव्हनपेक्षा वाईट. पस्तीस मिनिटं वहिनींना टीव्हीसमोर बसवा.

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, काट्यावर मोजलं. ह्यांनी आधी नाक मुरडलं, सोन्याच्या काट्यावर खायचा सोडा म्हणून, मग स्वतःच मोजत बसले.

मोजायचा टीस्पून, वरनं सुरीनं सपाट केलेला, सोडा जवळजवळ ५ ग्रॅम. माझा डब्यातला चमचा शीग लावून ९ ग्रॅम! बेकिंग पावडर दोन चमचे शीग लावून १५ ग्रॅम, सपाट दोन टीस्पून घेतले तर ८. म्हणजे मी दोन्ही जवळजवळ डबल घातलं. आणि रेसिपीत "चमचा" एवढंच लिहिलंय, कुठला ते नाही.

ओव्हनमावशी
आणि ५ ग्रॅम सोडा हाच मुळात जास्त आहे. एक कप मैद्याला, म्हणजे १२५ ग्रॅम धरा, सपाट १ टीस्पून बेकिंग पावडर पुरते, फार तर सव्वा. सोडा पाव टीस्पून. तुमच्या २५० ग्रॅमला मी दीड टीस्पून पावडर आणि अर्धा टीस्पून सोडा घालीन, म्हणजे साधारण ६ ग्रॅम आणि अडीच ग्रॅम. व्हिनेगर एक मोठा चमचा तसाच. जास्त फुगावा म्हणून जास्त घालायचं हे आपल्याला इडली-ढोकळ्यानं शिकवलंय. ढोकळा वाफेत पटकन शिजतो, थर पातळ असतो, तिथं खपून जातं. आठ इंची केकच्या मधल्या भागाला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ गॅस धरून कोण ठेवणार?

नादखुळा_भावा
मान्य हाय सोड्याचं. पण मिक्सिंगचं माझं खोटं हाय असं कोण म्हणतंय? चुलता चाळीस वर्षं बेकरी चालवतोय.

ओव्हनमावशी
खोटं नाही भाऊ, अर्धं आहे. मैदा घातल्यावर जास्त फेटलं की ग्लुटेन ताणतं, पोळीच्या कणकेसारखं. त्या केकचं लक्षण वेगळं असतं, मधे उलट टेंगूळ येतं, वर चीर पडते, कापल्यावर आत बोगदे दिसतात, लांबट, खालून वर गेलेले, आणि खाताना रबरासारखा. खड्डा नाही पडत सहसा.

फेटण्यानं खड्डा पडतो तो आधीच्या फेटण्यानं. बटर-साखर किंवा अंडी बीटरवर दहा-बारा मिनिटं उडवली की एवढी हवा भरते की भिंती सांभाळत नाहीत. ओव्हनमध्ये जोरात वर येतो आणि बसतो, अगदी सोडा जास्त झाल्यासारखाच, फक्त साबण लागत नाही आणि रंग नॉर्मल असतो. तुमच्या चुलत्यांच्या बेकरीत अंड्याचे केक मोठ्या मशीनवर होत असतील, तिथं हेच होत असणार. त्यांना विचारा, मैद्याआधी की नंतर?

नादखुळा_भावा
विचारलं. चुलता म्हणतोय दोन्ही 😂 पण एक गोष्ट सांगितली ती खरी वाटली. बिनअंड्याच्या केकला मैदा थोडा तरी नीट हलवावाच लागतो, निम्मा कोरडा ठेवून टिनात ओतला तर धरायला काय नसतंय, मग तो पण बसतो. म्हणजे कमी फेटलं तरी पंचाईत.

ओव्हनमावशी
हे मात्र चुलत्यांनी लाखाचं सांगितलं. अंडं नाही म्हणजे एक खांब कमी. मग भार स्टार्चवर आणि थोड्याशा ग्लुटेनवर. मी स्वतः बिनअंड्याचा केक व्हिस्कने कोरडा मैदा दिसेनासा झाल्यावर अजून दहा-पंधरा वेळा फिरवते. काही जणी म्हणतात तेही जास्त, कट अँड फोल्डच करा. माझ्या हाताला जे जमतं ते मी सांगते, यावर दोन मतं आहेत आणि राहणार.

साखरेचा_खडा
माझी थिअरी वेगळी. कोल्हापूर उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून केक जास्त फुगून बसतो, परदेशी ब्लॉगवर वाचलंय. मुंबईच्या रेसिपी इथं चालत नाहीत.

प्रयोगवही
तत्त्व बरोबर, पण आपण तेवढे उंच नाही. ते बदल साधारण ३००० फुटांच्या वर सांगतात, आपण दोन हजारच्या आतच. ९ ग्रॅम सोड्यापुढं उंचीला काय विचारताय.

रंकाळ्याचा_वारा
शनिवारचा रिपोर्ट. मावशींनी व्यनित सांगितलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कळणार नाही कशानं झालं. म्हणून ह्यावेळी फक्त सोडा आणि पावडर बदलली, अडीच ग्रॅम आणि ६ ग्रॅम, काट्यावर. दार मुद्दाम विसाव्या मिनिटाला उघडलं, आधीसारखंच, काडी घातली, तेवढाच वेळ. मन धजत नव्हतं पण केलं.

विसाव्या मिनिटाला रंग अगदी फिका होता, नुसती पिवळसर साय आल्यासारखा. म्हणजे मावशींचं खरं, आधी जो तांबूस दिसला तो सोड्याचा रंग. काठाच्या जरा खालीच होता. दार उघडल्यावर मधला भाग किंचित थरथरला, आणि शेवटी बाहेर काढल्यावर मधे पानाच्या बशीएवढा उथळ खोलगट भाग, अर्धा सेंटिमीटर असेल. आमटीची वाटी नाही. आत ओला पट्टा फार बारीक, बाकी जाळी एकसारखी. साबण नाही.

ओव्हनमावशी
शाब्बास. हा जो अर्धा सेंटिमीटर आहे ना तो दाराचा हिस्सा. बाकीचा सगळा सोड्याचा होता.

दाराचं एवढं भूत करायची गरज नाही असं मी म्हणते, पण लहान ओटीजीत ते खरं भूत आहे. माझ्या पहिल्या ओटीजीत एकदा थर्मामीटर ठेवून बघितलं होतं. १७५ वर होता, दार अर्धा मिनिट उघडं ठेवलं तर १३० च्या खाली आला आणि परत जागेवर यायला सहा-सात मिनिटं लागली. त्या सहा मिनिटात गरम गॅस आकसतो, भिंती कच्च्या, मधला भाग खाली. शेवटच्या टप्प्यात, भिंती शिजल्यावर, कितीही उघडा, काही होत नाही. म्हणून ४० मिनिटांचा केक असेल तर तिसाव्या मिनिटापर्यंत हात लावायचा नाही. आत लाइट नसेल तर टॉर्च काचेवर मारा. मधला भाग ओला चकाकत असेल तर तो अजून पातळ आहे. चकाकी गेली, कडा टिनपासून सुटायला लागल्या की मग दार.

आणि उघडलंच तर काडी पटकन, आणि बंद करताना दण्णदिशी आपटू नका, मधे कच्चं असेल तर तेवढ्यानं पण बसतं.

गडहिंग्लजचे_काका
सौ. ला वाचून दाखवलं. ती म्हणते कुकरला काच कुठाय.

रंकाळ्याचा_वारा
मंगळवारचा रिपोर्ट. सोडा तोच, दार बत्तीस मिनिटं बंद. पोरीला आजीकडं पाठवलं, नाहीतर तिनंच उघडलं असतं. केक सपाट! मधे अगदी बारीक फुगवटा, कापताना मस्त. ३८ मिनिटाला काडी कोरडी.

पण एक प्रश्न राहिलाच. टिनच्या उजव्या बाजूला, मागच्या कडेला, थोडासा उतार आलाय, तिकडं केक बुटका आणि जास्त तांबूस. हे कशानं?

नादखुळा_भावा
ओटा वाकडा असणार. आमच्याकडं तवा ठेवला की तेल एका बाजूला पळतं.

ओव्हनमावशी
ओटा असू शकतो, टिनमध्ये थोडं पाणी घालून बघा, कळेल. पण जास्त तांबूस पण तिकडंच आहे म्हणजे मला वाटतं त्या कोपऱ्यात रॉड जास्त तापतो. तिकडं कड लवकर सेट झाली म्हणून बुटकी राहिली. डायलवरचं १८० आणि आतलं १८० यात वीस-पंचवीसचा फरक सर्रास असतो. थर्मामीटर आणा एक, मग सांगते. नक्की काय ते बघितल्याशिवाय नाही सांगता येत.

रंकाळ्याचा_वारा
बरं. आणि नवऱ्याच्या वाढदिवसाला १० इंची टिन करायचा विचार आहे. सगळं दीडपट केलं तर चालेल ना?

ओव्हनमावशी
मैदा, कंडेन्स्ड मिल्क, बटर, दूध, व्हिनेगर सगळं दीडपट. सोडा-पावडर मात्र दीडपटीला जरा कमीच ठेवा, पावडर ८ ग्रॅम, सोडा ३ ग्रॅम. टिन रुंद म्हणजे मधला भाग कडेपासून लांब, तो अजून उशिरा शिजणार. म्हणून १६० ते १६५ वर, तासाच्या आसपास धरा, आणि ४५ मिनिटांपर्यंत दाराकडं बघायचं पण नाही. कडा फार लवकर होतात असं वाटलं तर टिनच्या बाहेरनं ओल्या सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी गुंडाळा, कड थंड राहते, मधला भाग गाठतो तिला. लोड शेडिंगचा दिवस बघून मात्र करू नका.

रंकाळ्याचा_वारा
करतो. काटा मात्र परत मिळेल की नाही शंका आहे, ह्यांनी दुकानात नेला आणि शेठ विचारतायत म्हणे वजनात व्हॅनिलाचा वास कुठून येतोय.